तिसरा नंबर गेला कुठे?

एप्रिल संपत आला की भिवंडीतल्या शाळांमध्ये, मराठी माध्यमाची असो की उर्दू, वर्गशिक्षकांच्या टेबलावर निकालपत्रकांचे गठ्ठे दिसू लागतात. आठवीपर्यंत मुख्यतः सातत्यपूर्ण मूल्यमापनाच्या श्रेणी असतात, त्यामुळे नंबरांचा प्रश्न फारसा येत नाही. नववीत मात्र गुण येतात, गुणांची बेरीज येते आणि बेरजेमागून नंबर येतो. निकाल फळ्यावर लागला की कोणीतरी पालक हमखास विचारतो, "सर, पहिला आहे, दुसरे तीन जण आहेत, मग एकदम पाचवा? तिसरा आणि चौथा नंबर गेले कुठे?"

सरांचे उत्तर बहुतेक वेळा "कॉम्प्युटरने तसंच दिलंय" एवढेच असते. उत्तर खरे असले तरी त्याने कोणाचे समाधान होत नाही. पाचव्या नंबरावरच्या मुलीच्या आईला वाटते की आपल्या मुलीचा तिसरा नंबर कोणीतरी खाल्ला. कधी पालकांच्या आग्रहाखातर शाळा यादी दुरुस्त करते आणि त्या मुलीला तिसरी करते. ही दुरुस्ती कधी योग्य असते, कधी चुकीची. ते ठरवण्यासाठी आधी नंबर म्हणजे काय हे पाहावे लागते.

नंबर कसा निघतो

उतरत्या क्रमाने नावे लिहायची आणि वरून खाली एक, दोन, तीन घालत जायचे, अशी नंबराची आपली कल्पना असते. सगळ्यांचे गुण वेगवेगळे असतील तर ती चालते. दोघांचे गुण सारखे झाले की ती मोडते, कारण आधी कोणाचे नाव लिहायचे हे गुण सांगू शकत नाहीत.

म्हणून व्याख्या अशी करायची: माझ्यापेक्षा जास्त गुण असलेले किती जण आहेत ते मोजायचे आणि त्यात एक मिळवायचा. माझ्यापुढे कोणीच नसेल तर मी पहिला. पुढे चार जण असतील तर मी पाचवा. माझ्याइतकेच गुण असलेला दुसरा कोणी माझ्यापुढे धरला जात नाही आणि मीही त्याच्यापुढे धरला जात नाही, म्हणून आम्हा दोघांचा नंबर आपोआप एकच येतो. नंबर विभागून देण्यासाठी वेगळा नियम करावा लागत नाही, गाळण्यासाठीही नाही. दोन्ही गोष्टी या एका वाक्यातूनच निघतात.

नमुन्यादाखल नववीची एक छोटी तुकडी घेऊ. बारा विद्यार्थी, सहा विषय, एकूण ६०० गुण. हजेरी क्रमांकानुसार बेरजा अशा आहेत: १) ४५१, २) ५१२, ३) ४८७, ४) ५३३, ५) ४९८, ६) ५१२, ७) ४३३, ८) ४८७, ९) ४७०, १०) ५१२, ११) ४५१, १२) ४०९.

कॉम्प्युटर हाताशी नसेल तर कागदावर करायची सोपी रीत अशी. विद्यार्थ्यांची नावे बाजूला ठेवायची आणि फक्त वेगवेगळे गुण उतरत्या क्रमाने लिहायचे. प्रत्येक गुणासमोर तो किती जणांना मिळाला ते लिहायचे. तिसऱ्या रकान्यात त्याच्या वर एकूण किती जण झाले ते, आणि चौथ्या रकान्यात त्यात एक मिळवून नंबर.

| गुण | किती जण | वर किती | नंबर |
|---|---|---|---|
| ५३३ | १ | ० | १ |
| ५१२ | ३ | १ | २ |
| ४९८ | १ | ४ | ५ |
| ४८७ | २ | ५ | ६ |
| ४७० | १ | ७ | ८ |
| ४५१ | २ | ८ | ९ |
| ४३३ | १ | १० | ११ |
| ४०९ | १ | ११ | १२ |

आता ४९८ गुणांच्या मुलीकडे पाहा. तिच्यापुढे एक ५३३ वाला आणि तीन ५१२ वाले, असे चार जण आहेत, म्हणून ती पाचवी. तिचा तिसरा नंबर कोणी काढून घेतलेला नाही. तिला 'तिसरी' म्हणायचे असेल तर तिच्यापुढे दोघेच आहेत असे म्हणावे लागेल, आणि ते खोटे आहे. ५१२ गुणांचे तिघे दोन, तीन आणि चार या तिन्ही जागा मिळून अडवून बसले आहेत. त्यातली सर्वांत वरची जागा तिघांच्या नावावर लागते, उरलेल्या दोन रिकाम्या दिसतात.

जागा अडवण्याची ही गोष्ट रोख बक्षिसांत चटकन पटते. समजा पहिल्याला १५०० रुपये, दुसऱ्याला १००० आणि तिसऱ्याला ५०० ठेवले आहेत. दुसरा क्रमांक तिघांत विभागून गेला, तर दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या जागेची रक्कम एकत्र करायची. ती १०००, ५०० आणि शून्य मिळून १५०० होते आणि प्रत्येकाला ५०० रुपये येतात. बुद्धिबळाच्या अनेक स्पर्धांत बरोबरी झालेल्यांना रोख रक्कम अशीच वाटली जाते. देणगीदाराचे ३००० रुपये ३००० च राहतात आणि पाचव्या विद्यार्थ्याला काही मिळत नाही, कारण तिसऱ्याचे पैसे आधीच वाटले गेलेले असतात.

खेळांच्या मैदानावरही हीच मोजणी चालते. टोकियो ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या उंच उडीत कतारचा मुताझ बारशिम आणि इटलीचा जानमार्को ताम्बेरी या दोघांनी सुवर्णपदक विभागून घेतले. रौप्यपदक कोणालाच दिले गेले नाही. त्यांच्यामागचा बेलारूसचा माक्सिम नेदासेकाऊ याला कांस्य मिळाले, कारण त्याच्यापुढे दोघे होते.

दुसरी रीत आणि तिचा वेगळा प्रश्न

तरीही अनेक शाळा ४९८ वाल्या मुलीला तिसरी म्हणतात, आणि त्यांना सरसकट चूक ठरवता येत नाही. त्या वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देत असतात. पहिल्या रीतीत आपण विचारतो, 'पुढे किती जण आहेत?' दुसऱ्या रीतीत विचारतो, 'वरून कितवा गुण आहे?' वेगवेगळे गुण ५३३, ५१२, ४९८ असे आहेत, त्यात ४९८ तिसरा. या रीतीत काही गाळले जात नाही. नंबर १, २, २, २, ३, ४, ४, ५, ६, ६, ७, ८ असे सलग येतात. आकडेवारीची भाषा वापरणारे पहिल्या रीतीला स्पर्धा क्रमांक म्हणतात आणि दुसरीला सलग किंवा घन क्रमांक.

सलग रीत डोळ्यांना गोड दिसते, पण तिचा तोटा यादीच्या खालच्या टोकाला कळतो. आपल्या बारा जणांच्या तुकडीत शेवटचा मुलगा आठवा आला. घरी जाऊन त्याने "माझा आठवा नंबर" सांगितले तर तो शब्दशः खरे बोलतो, पण ऐकणाऱ्याला वाटेल की त्याच्या खाली चार जण आहेत. साठ मुलांच्या वर्गात वेगवेगळे गुण चाळीसच निघाले तर शेवटच्याचा नंबर चाळिसावा लागतो. अशा नंबरावरून मागे किती आहेत ते कळत नाही, पुढे किती आहेत तेही कळत नाही.

त्यामुळे बक्षिसापुरते पहिले तीन जाहीर करायचे असतील तर सलग रीत चालते. प्रगतिपुस्तकावर प्रत्येक मुलाचा नंबर लिहायचा असेल, किंवा त्या नंबरावरून निवड करायची असेल, तर मोजणीची रीतच धरावी. दोन्हींची सरमिसळ मात्र कधीच करू नये. वरच्या तिघांसाठी सलग आणि खाली मोजणी, अशी यादी एकाच कागदावर आली की ती तपासताच येत नाही.

तिसरी एक रीत आहे, ती सर्रास वापरली जाते आणि सर्वांत जास्त अन्याय करते. एक्सेलमध्ये बेरजेच्या रकान्यावर उतरता क्रम लावायचा, शेजारी १ आणि २ टाइप करून खाली ओढायचे. बारा जणांना बारा वेगळे नंबर मिळतात. आपल्या तुकडीत ५१२ गुणांच्या तिघांना २, ३ आणि ४ नंबर लागतात. आधी यादी हजेरी क्रमांकाने होती आणि सारखे गुण असलेल्यांचा मूळ क्रम एक्सेल बदलत नाही, म्हणून हजेरी क्रमांक २ ची मुलगी दुसरी, ६ चा मुलगा तिसरा आणि १० ची मुलगी चौथी. 'पहिल्या तिघांना बक्षीस' असे ठरले असेल तर हजेरी क्रमांक १० ची मुलगी रिकाम्या हाताने घरी जाते. तिचा दोष एवढाच की तिचे नाव हजेरीपटावर खाली आहे. हजेरी नाव किंवा आडनावाच्या अक्षरावरून लागली असेल, तर हा फटका वर्षानुवर्षे त्याच अक्षरांच्या मुलांना बसत राहतो. आणि यादीवर बरोबरी दिसतच नसल्याने कोणी तक्रारही करत नाही.

सूत्र आणि त्याच्या खोड्या

कॉम्प्युटरवर मोजणीची रीत एका सूत्रात बसते. समजा बेरजा H5 ते H16 या घरांत आहेत. तर पहिल्या विद्यार्थ्यासमोर पुढच्यांपैकी कोणतेही एक सूत्र लिहून खाली ओढायचे:

```
=RANK(H5,$H$5:$H$16,0)
=COUNTIF($H$5:$H$16,">"&H5)+1
```

दुसरे सूत्र म्हणजे आपली व्याख्याच आहे: H5 पेक्षा मोठे किती ते मोज आणि एक मिळव. पहिले सूत्रही तेच काम करते. त्यातला शेवटचा शून्य 'जास्त गुण म्हणजे वरचा नंबर' असे सांगतो. धावण्याच्या शर्यतीत कमी वेळ चांगला असतो, तिथे शून्याच्या जागी 1 लिहायचा. सलग नंबर हवा असेल तर सूत्र जरा लांब होते:

```
=SUMPRODUCT(($H$5:$H$16>H5)/COUNTIF($H$5:$H$16,$H$5:$H$16))+1
```

इथे प्रत्येक गुणाला तो किती जणांना मिळाला त्याने भागले आहे. त्यामुळे ५१२ वाले तिघे मिळून एकच धरले जातात.

सर्वांत नेहमीची चूक डॉलरच्या चिन्हाची. ते विसरले तर सूत्र खाली ओढताना मोजणीचा पट्टाही खाली सरकतो आणि प्रत्येक विद्यार्थ्याची तुलना फक्त त्याच्या खालच्यांशी होते. आपल्या तुकडीत असे केले तर हजेरी क्रमांक १ चा नंबर बरोबर नववा येतो, आणि तपासणारा बहुधा पहिलीच ओळ पाहून समाधान मानतो. पण हजेरी क्रमांक १०, ११ आणि १२ तिघेही पहिले येतात. ४०९ गुणांचा, वर्गातला शेवटचा मुलगा पहिला ठरतो, कारण त्याच्या खाली कोणीच नाही. म्हणून सूत्र ओढल्यावर शेवटची ओळ आधी पाहावी.

दुसरी खोडी जास्त फसवी आहे. कधी कधी एखादी बेरीज आकडा म्हणून नव्हे, मजकूर म्हणून घरात शिरते. दुसरीकडून कॉपी करून पेस्ट केले किंवा आकड्याआधी नकळत अवतरणचिन्ह पडले की असे होते. दिसायला ४८७ च दिसते, पण मोजणीची दोन्ही सूत्रे ते मोजत नाहीत. मग त्या विद्यार्थ्याच्या खालच्या सगळ्यांचे नंबर एकेकाने वर चढतात आणि कोणाच्या लक्षात येत नाही. ओळखायची खूण अशी की आकडे घरात उजवीकडे चिकटतात आणि मजकूर डावीकडे. रकान्यात एखादाच आकडा डावीकडे दिसला तर थांबावे.

गैरहजर मुलासमोर AB लिहिले तर इतरांचे नंबर काढताना पहिली दोन सूत्रे तेही सोडून देतात, आणि ते योग्यच आहे. सलग नंबराचे सूत्र मात्र इथे उलटे वागते. एक्सेलच्या हिशेबात मजकूर कोणत्याही आकड्यापेक्षा मोठा असतो, त्यामुळे गैरहजर मुलगा सगळ्यांच्या पुढे धरला जातो आणि हजर असलेल्या कोणालाच पहिला नंबर मिळत नाही. ते सूत्र वापरायचे तर गैरहजरांना आधी यादीबाहेर काढावे.

तिसरी गोष्ट टक्क्यांची. नंबर टक्क्यांवरून काढायची अनेकांना सवय असते. पूर्णांकात टक्के लिहिले तर ६०० पैकी ५०७ पासून ५१२ पर्यंतचे सहाही गुण ८५ टक्केच होतात. ५१२ आणि ५०७ मध्ये पाच गुणांचे अंतर असून दोघांना एकच नंबर लागतो. ही बरोबरी गुणांची नाही, टक्के पूर्ण करताना तयार झालेली आहे. उलटही घडते. घरात पूर्ण टक्के दिसण्यापुरता फॉरमॅट बदललेला असतो, आत ८५.३३ आणि ८४.५० तसेच असतात. मग दोघांचे टक्के सारखे दिसतात पण नंबर वेगळे येतात, आणि पालक विचारतात तेव्हा शिक्षकांकडे उत्तर नसते. नियम सोपा आहे: नंबर नेहमी एकूण गुणांवरून काढावा, टक्के फक्त छापण्यासाठी ठेवावेत.

गाळलेला नंबर खरा की खोटा

यादीत नंबर गाळलेला दिसला म्हणजे ती चुकीची, असे नाही. पण गाळलेला प्रत्येक नंबर बरोबर असतो, असेही नाही. खरा आणि खोटा यातला फरक एका बेरजेने कळतो. एखाद्या नंबरावर जितके जण असतील तितके त्या नंबरात मिळवले की पुढचा नंबर आला पाहिजे. दुसऱ्या नंबरावर तिघे आहेत, दोन अधिक तीन पाच, पुढचा नंबर पाच. सहाव्यावर दोघे, पुढचा आठ. आठव्यावर एक, पुढचा नऊ. कुठेही हा हिशेब तुटला तर यादीत चूक आहे.

खोटी फट कशी पडते ते पाहू. समजा हजेरी क्रमांक ९ चा, ४७० गुणांचा विद्यार्थी गणितात नापास आहे. एखाद्या विषयात नापास असणाऱ्याला नंबर द्यायचा नाही, असा अनेक शाळांचा नियम असतो. सर नंबर काढून झाल्यावर त्याच्या नावासमोरचा आठ खोडतात. आता यादीत सहाव्यावर दोघे आणि त्यानंतर एकदम नववे. सहा अधिक दोन आठ, पण आठवा कोणीच नाही. ही फट बरोबरीतून आलेली नाही. ज्याला स्पर्धेबाहेर काढले तो अजूनही खालच्यांच्या पुढे मोजला जातो आहे. त्याला मोजणीच्या आधी काढायला हवे होते. तसे केले तर ४५१ चे दोघे आठवे, ४३३ चा दहावा आणि ४०९ चा अकरावा येतो. चार मुलांचे नंबर एकेकाने सुधारतात.

दुसरी तपासणी शेवटच्या नंबराची. शेवटच्या नंबरात त्या नंबरावरचे विद्यार्थी मिळवायचे आणि एक वजा करायचा. उत्तर नंबर दिलेल्या एकूण विद्यार्थ्यांइतके आले पाहिजे. आपल्या यादीत बारा अधिक एक वजा एक, बारा. यादीतली एखादी बेरीज मजकूर होऊन मोजणीतून गळली असेल तर इथे बहुधा एक कमी पडतो आणि चूक सापडते. सलग रीतीत तपासणी वेगळी असते: तिथे शेवटचा नंबर वेगवेगळ्या गुणांच्या संख्येइतका यायला हवा.

बरोबरी फोडायची की ठेवायची

एका वर्गापुरता नंबर विभागून देणे सोपे आहे. मोठ्या परीक्षांत इतक्या वेळा बरोबरी होते की हा प्रश्न टाळता येत नाही. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या शिष्यवृत्ती परीक्षेचे उदाहरण घ्या. दोन पेपर, प्रत्येकी १५० गुण, एकूण ३००, आणि प्रत्येक प्रश्न दोन गुणांचा. म्हणजे बेरीज नेहमी सम संख्याच येणार. शून्य ते तीनशेपर्यंत असे १५१ च गुण शक्य आहेत. १५२ मुले बसली की निदान दोघांचे गुण सारखे येणारच, मग पेपर कितीही काटेकोर तपासा. दहावीतही सर्वोत्तम पाच विषयांच्या नियमाने टक्केवारी ५०० गुणांवर निघते, म्हणून एका गुणाचे ०.२० टक्के होतात आणि ८० ते ९० टक्क्यांच्या दरम्यान फक्त ५१ वेगवेगळे आकडे शक्य असतात. अकरावीच्या प्रवेशयाद्यांत एकाच टक्केवारीवर इतकी नावे का दिसतात याचे कारण इथे आहे.

जागा मोजक्या असतात तिथे बरोबरी फोडावी लागते. ती कशाने फोडायची हा गणिताचा प्रश्न नाही, धोरणाचा आहे. २०२० च्या नीट परीक्षेत शोएब आफताब आणि आकांक्षा सिंह या दोघांना ७२० पैकी ७२० गुण होते. सगळ्या विषयांत पूर्ण गुण असल्याने विषयवार तुलना करून काही निष्पन्न होणार नव्हते. मग वय पाहिले गेले, मोठा तो पुढे या नियमाने आफताब देशात पहिला आला आणि आकांक्षा दुसरी. पुढच्याच वर्षी, २०२१ मध्ये, पूर्ण गुण मिळवणाऱ्या तिघांना पहिला क्रमांक विभागून दिला गेला. एका वर्षी दुसरा ठरवणारा निकष दुसऱ्या वर्षी उरला नाही. २०२४ मध्ये जूनच्या पहिल्या निकालात ६७ जण पहिल्या क्रमांकावर आले तेव्हा गदारोळ झाला. मोजणीच्या रीतीने त्यांच्यामागच्या विद्यार्थ्याचा क्रमांक ६८ होतो. तो दिसायला विचित्र वाटला तरी हिशेबाने बरोबरच आहे. शंका घ्यायला जागा होती ती इतक्यांना पूर्ण गुण कसे पडले याबद्दल, नंबर देण्याच्या रीतीबद्दल नाही.

शाळेने बरोबरी फोडू नये, असे माझे मत आहे. गणितात जास्त गुण असलेला पुढे, असा नियम लावला तर भाषेत जास्त गुण मिळवणाऱ्या मुलीला आपण विनाकारण मागे ढकलतो. बेरीज करताना सगळे विषय सारखे मानले होते, मग नंबराच्या वेळी एक विषय अचानक जड का व्हावा? वयाच्या निकषाचे समर्थन तर त्याहून कठीण आहे. फोडायचीच असेल तर निकष परीक्षेआधी जाहीर झालेला हवा. निकाल समोर ठेवून निवडलेला कोणताही निकष कोणाला तरी डोळ्यांसमोर ठेवून निवडल्यासारखाच दिसतो.

यादी बदलली की नंबर बदलतो, हेही पालकांना सांगायला हवे. अ तुकडीत दुसरी असलेली मुलगी पूर्ण शाळेत सातवी असू शकते, आणि त्यात विसंगती काहीच नाही. तुकडीत तिच्यापुढे एकच मुलगा आहे, शाळेत सहा जण आहेत. पण तुकड्यांचे नंबर एकमेकांत मिसळून शाळेचा नंबर काढता येत नाही. त्यासाठी सगळ्या तुकड्यांचे गुण एका रकान्यात घेऊन पुन्हा मोजावे लागते.

बक्षिसांच्या बाबतीत खरा घोळ वाक्यात असतो. नोटिशीवर 'पहिल्या तिघांना बक्षीस' असे असते आणि तिघे म्हणजे तीन विद्यार्थी की तीन क्रमांक, हे कोणी लिहीत नाही. आपल्या तुकडीत मोजणीच्या रीतीने तिसऱ्या क्रमांकापर्यंत चार विद्यार्थी येतात, सलग रीतीने पाच, आणि वरून आकडे ओढत गेलेल्या यादीत तीन. ढाली तीनच मागवल्या असतील तर तेवढ्यात बसणारी रीत शोधण्याचा मोह होतो, आणि चौथ्या किंवा पाचव्या मुलाचा हक्क ढालींच्या संख्येवरून ठरतो.

म्हणून मुख्याध्यापकांना आणि वर्गशिक्षकांना विनंती एवढीच. वार्षिक परीक्षेआधीच तीन ओळींची नोटीस लावा: समान गुणांना समान क्रमांक मिळेल आणि त्यानंतर त्या क्रमांकावरच्या विद्यार्थ्यांपेक्षा एकाने कमी क्रमांक गाळले जातील, क्रमांक एकूण गुणांवरून काढला जाईल, टक्क्यांवरून नाही, एखाद्या विषयात नापास झालेल्यांना क्रमांक द्यायचा नसेल तर त्यांना मोजणीतूनही वगळले जाईल. ढाली मात्र यादी तयार झाल्यावर मागवा.